गूळ अडला, शिवी सुटली

पुरणपोळीवरून भांडण कसं होईल, असं ज्याला वाटतं त्याने तिच्या एखाद्या व्हिडिओखाली जरा उतरून बघावं. वर पडद्यावर हरभऱ्याची डाळ निवांत शिजते आहे, गूळ विरघळतो आहे, मागे कुकरची शिट्टी वाजते आहे. आणि खाली साखरवाले गूळवाल्यांचे सात पिढ्यांचे संस्कार काढत आहेत. मधेच एक बाबा वशीकरणाचा नंबर देऊन जातो. त्याच्याखाली कुणीतरी ‘माझ्या पण चॅनेलला सपोर्ट करा’ म्हणून हात पसरतो. डाळ किती शिजवायची हे विचारणारी एक बिचारी सून या सगळ्या गर्दीत कुठेतरी उभी असते, आणि तिच्या पोळ्या तिकडे फुटत असतात.

माझी मावशी कराडला असते आणि तिचं पदार्थांचं यूट्यूब चॅनेल आहे. काका मराठीचे निवृत्त शिक्षक. चॅनेलवर मॉडरेटर म्हणून मी आणि काका. काकांना हे पद आवडतं; शाळेत असताना शिस्त समिती त्यांच्याकडे होती.

आधी स्पॅमचं सांगतो, कारण तो सोपा आहे. ट्रोल निदान व्हिडिओ बघतो, स्पॅमवाला तेवढेही कष्ट घेत नाही. व्हिडिओ चढवल्यावर काही सेकंदांत ‘खूप सुंदर माहिती’ अशी कमेंट आली की समजावं, बारा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदात पाहून होत नाही. दुसरी खूण म्हणजे विषयाचा पत्ता नसणं. मावशीच्या कटाच्या आमटीखाली एकदा इंग्रजीत रंगलेला संवाद सापडला. एक गृहस्थ म्हणतात, अमुक बाईंच्या सल्ल्याने माझी गुंतवणूक दुप्पट झाली. दुसरे म्हणतात, काय योगायोग, माझीही त्याच बाईंनी केली. तिसरे विचारतात, या माउली भेटतात कुठे? चौथे टेलिग्रामचा पत्ता देतात. आमटीत आमसूल घालायचं की चिंच, हे चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. हे चारही जण बहुधा एकाच खुर्चीत बसलेले असतात. एकानेच गुंतवणूकबाईंचं कौतुक केलं तर संशय येतो. चौघांत चर्चा झाली की वाचणाऱ्याला वाटतं आपण एकटेच मागे राहिलो.

यावर उपाय दोन खटक्यांचा आहे. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये कम्युनिटी मॉडरेशन आहे, तिथे ‘ब्लॉक लिंक्स’वर टिक केली की लिंक किंवा हॅशटॅग असलेली प्रत्येक नवी कमेंट तपासणीसाठी थांबते. आणि कमेंटच्या छाननीची पातळी ‘स्ट्रिक्ट’ केली की यूट्यूब स्वतःच्या अकलेने आणखी पुष्कळ अडवतं. स्पॅमवाल्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो फोन नंबर सरळ लिहीत नाही; जाड, तिरक्या, गोलातल्या अशा नक्षीदार आकड्यांत लिहितो. आपल्याला ते आकडेच दिसतात, यंत्राला वेगळीच चिन्हं दिसतात. तेव्हा एक मार्ग उरतो. नंबर बदलतो पण मागणी बदलत नाही, म्हणून मागणीचे शब्द यादीत टाकायचे: ‘टेलिग्राम’, ‘व्हॉट्सॲप करा’, ‘वशीकरण’, ‘मटका’. पदार्थांच्या चॅनेलवर हे बहुतेक चालून जातं. अपवाद एकच, मटका कुल्फी.

सगळ्यात पाजी प्रकार तोतयाचा. मावशीचा फोटो, मावशीचं नाव, आणि प्रत्येक प्रेक्षकाला खाली उत्तर: ‘अभिनंदन, तुम्ही मिक्सर जिंकला आहात, टेलिग्रामवर या.’ हा उच्छाद जगभर इतका वाढला की 2022 मध्ये यूट्यूबने चॅनेलच्या नावात चालणारी विचित्र चिन्हं कमी केली आणि सबस्क्रायबरांचा आकडा लपवायची सोय काढून टाकली, कारण तोतयाचे सबस्क्रायबर दिसले की त्याचं पितळ तिथेच उघडं पडतं. प्रेक्षकासाठी खूण सोपी आहे. खऱ्या मालकाने उत्तर दिलं तर त्याचं नाव वेगळ्या रंगाच्या पट्टीत दिसतं. पट्टी नसेल तर मिक्सरही नाही.

आता शिव्यांकडे. ‘ब्लॉक्ड वर्ड्स’च्या चौकोनात स्वल्पविराम देऊन शब्द लिहायचे. तो शब्द किंवा त्याच्याशी जवळून जुळणारा शब्द कमेंटमध्ये आला की कमेंट लोकांना न दिसता आपल्या रांगेत येते आणि 60 दिवस तिथे पडून राहते. ऐकायला सोपं आहे. पण यादी करायला कुटुंब बसलं तेव्हा पेच आला तो असा की, शब्द उच्चारणार कोण? काकांनी पस्तीस वर्षं ज्या शब्दांसाठी मुलांना बाकावर उभं केलं, ते त्यांनी स्वतः मावशीसमोर सांगायचे कसे! त्यांनी पेन्सिलने कागदावर लिहिले आणि कागद दुमडून माझ्याकडे सरकवला. मावशीच्या सासूबाई मात्र मोकळ्या मनाच्या. त्यांनी कोरेगावच्या माहेरचा सगळा ऐवज बाहेर काढला: मुडद्या, मेल्या, मेली, खापरतोंड्या, तुझ्या तोंडाला आग लागो. मी भक्तिभावाने सगळं टाइप केलं. त्यातला एकही शब्द आजतागायत एकाही ट्रोलने वापरलेला नाही; या पिढीच्या शिव्यासुद्धा दरिद्री. ‘मेली’ला मात्र एक गिऱ्हाईक मिळालं. मावशीच्या शाळेतल्या मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘मेली, माझ्या आईची रेसिपी मला न विचारता टाकलीस होय गं!’ फिल्टरने तिला गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं. शब्द ओळखणाऱ्या यंत्राला लाड ओळखता येत नाही.

दुसरा पेच शुद्धलेखनाचा. काकांनी यादीत ‘मूर्ख’ लिहिलं, दीर्घ ऊकार देऊन, आणि निर्धास्त झाले. एकही कमेंट अडकली नाही. कारण सरळ आहे. ‘मूर्ख’ हा शब्द शुद्ध लिहू शकणारा माणूस सहसा तो कुणाला म्हणायला जात नाही. यादी करायची ती कोशातल्या रूपांची नाही, चुकलेल्या रूपांची. शिवाय निम्मी महाराष्ट्रीय भांडणं रोमन लिपीत होतात, तिथे ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नच नाही, जो तो आपापल्या कुवतीने लिहितो. शेवटी एका शब्दासाठी अशी ओळ तयार झाली:

```
मूर्ख,मुर्ख,मुर्खा,मूर्खा,murkh,murkha,moorkh
```

निवृत्तीनंतर आपल्या हाताने ‘मुर्ख’ लिहावं लागलं, हे काकांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी सांगतो आहे.

पण खरी करमणूक शब्दाच्या पोटात असते. मावशीच्या लेखी पाककृतींसाठी वर्डप्रेसवर एक साइट आहे. तिथे डिस्कशन सेटिंग्जमध्ये दोन चौकोन येतात. पहिल्यातला शब्द आला तर प्रतिक्रिया रांगेत थांबते. दुसऱ्यातला आला तर ती थेट कचऱ्यात जाते, आणि कचरा 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो. दोन्ही चौकोनांजवळ एक ओळ आहे, जी कुणी वाचत नाही: हे शब्दाच्या आतही जुळवलं जातं. उदाहरणही दिलेलं आहे, की press टाकलंत तर WordPress सुद्धा अडकेल. मावसभावाने ती ओळ न वाचता काकांच्या कागदावरचा एक अगदी छोटा, दोन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असलेला शब्द, ‘गू’, दुसऱ्या चौकोनात टाकला. ट्रोल अशुद्ध लिहितात हे आता कळलं होतं, म्हणून सोबत ‘गु’ही.

परिणाम असा झाला की पुरणपोळीच्या पानावरून गूळ नाहीसा झाला. ‘गूळ चिक्कीचा घ्यावा का?’ कचऱ्यात. ‘गुळाचं प्रमाण जास्त वाटलं’ कचऱ्यात. ‘गुढीपाडव्याला केल्या, मस्त झाल्या’ कचऱ्यात. वर्डप्रेस नुसता मजकूर तपासत नाही, लिहिणाऱ्याचं नावही तपासतं. त्यामुळे गुप्ते, गुरव आणि गुजर या मंडळींनी काहीही लिहिलं, अगदी ‘नमस्कार’ लिहिला, तरी ते हद्दपार. ‘लाज’ हा शब्द टाकल्यामुळे ‘लाजवाब’ म्हणणारे सगळे रसिक गेले. याच काळात ‘साखरेच्या पोळीला पुरणपोळी म्हणणाऱ्यांची अक्कल सडली आहे’ ही प्रतिक्रिया दिमाखात झळकत होती, कारण तिच्यात एकही निषिद्ध अक्षर नव्हतं.

हा रोग आपल्याच देवनागरीला लागला असं समजू नये. 1996 साली अमेरिका ऑनलाइनच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी बसलेली आहे. संगणकवाल्यांनी या दोषाला पुढे त्या गावाचंच नाव देऊन टाकलं. आपल्याकडे बहुधा त्याला गूळदोष म्हणावं लागेल. ओळखायची खूण अशी की प्रतिक्रिया अचानक कमी झाल्या, आणि ज्या आल्या त्यात पदार्थाचा मुख्य घटकच कुणी उच्चारत नाही, तर कचरा उघडून बघा. उपायही तेवढाच साधा. दोन-तीन अक्षरांचे शब्द वर्डप्रेसच्या यादीत टाकूच नयेत, टाकायचे तर पुढचा शब्द जोडून वाक्प्रचार करून टाकावेत, आणि नवा शब्द नेहमी आधी रांगेच्या चौकोनात ठेवावा. महिनाभर त्याने कोणाकोणाला पकडलं ते बघूनच त्याला कचऱ्याची सत्ता द्यावी.

फिल्टर इतपतच काम करतो. उरलेलं काम माणसाचं, आणि तिथे काकांचा स्वभाव आडवा आला. एका सद्गृहस्थांनी लिहिलं, ‘मुर्ख बाई, याला पुरण म्हणतात?’ हे यादी करण्याच्या आधीचं. काकांनी ताबडतोब उत्तर दिलं: “‘मूर्ख’ या शब्दातील मू दीर्घ आहे. आणि होय, याला पुरणच म्हणतात.” घरात सगळ्यांना हे उत्तर फार आवडलं. त्या गृहस्थांनाही आवडलं असावं, कारण ते तासाभरात परत आले आणि येताना माणसं घेऊन आले. काकांच्या बाजूने काही लोक आले. एकाने शुद्धलेखन ही विशिष्ट लोकांची मक्तेदारी असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने खरी मराठी कोणत्या जिल्ह्यात बोलतात ते सांगितलं, तिसऱ्याने त्या जिल्ह्याची जात काढली. संध्याकाळपर्यंत पुरण कुठल्या कुठे राहिलं. आणि यूट्यूब ‘टॉप कमेंट्स’ लावताना ज्या कमेंटवर हालचाल जास्त तिला वर चढवतं. त्यामुळे व्हिडिओ उघडणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी ‘मुर्ख बाई’ दिसायला लागलं. ते काकांनी स्वतःच्या उत्तरांनी तिथे नेऊन बसवलं होतं.

मावशी वैतागून म्हणाली, “अहो, तुम्ही त्याला शिकवताय, पण वाचतंय भलतंच कुणी.” तिने हे रागाने म्हटलं होतं. काकांनी ते नियम म्हणून उचललं आणि आपल्या अक्षरात कार्डावर लिहून संगणकाला चिकटवलं: ‘उत्तर तिसऱ्याला. एकदाच.’

म्हणजे असं. कमेंट लिहिणारा पहिला, आपण दुसरे, आणि उद्या हातात परात घेऊन व्हिडिओ उघडणारी अनोळखी बाई तिसरी. आपल्या उत्तराने तिचा काही फायदा होणार असेल तर उत्तर द्यायचं, पहिला कितीही उर्मट असो. होणार नसेल तर द्यायचं नाही, आपल्याकडे कितीही झणझणीत वाक्य तयार असो. आणि दिलं तरी एकदाच, कारण दुसऱ्या उत्तरात माहिती नसते, फक्त आपण असतो.

हा नियम कसाला लागला तो मिठावर. रांगेत एक कमेंट अडकली होती: ‘आंधळी आहेस का? कणकेत मीठ कधी घातलंस? नुसती बडबड.’ ‘आंधळी’ यादीत होतं म्हणून ती थांबली. मावसभाऊ म्हणाला, उडवून टाका. काकांनी मात्र व्हिडिओ पुन्हा लावून शांतपणे बघितला. मीठ खरंच नव्हतं; संकलनात तो तुकडा गळला होता. म्हणजे शेकडो ‘वा’ आणि ‘छान’ म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात न आलेली चूक या शिवराळ माणसाने धरली होती. आता त्याला खाली उत्तर द्यायचं तर आधी ती कमेंट मंजूर करून सगळ्यांना दाखवावी लागणार. शिवाय यूट्यूबवर उत्तर वर पिन करता येत नाही, फक्त स्वतंत्र कमेंट पिन होते. तेव्हा काकांनी त्याची कमेंट रांगेतच ठेवली आणि मावशीच्या खात्यावरून नवी कमेंट लिहून पिन केली: ‘कणीक भिजवतानाच दोन वाट्यांना पाव चमचा मीठ घालायचं. व्हिडिओत ते दिसत नाही.’ तिसरीला मीठ मिळालं, पहिल्याला व्यासपीठ मिळालं नाही. त्यानंतर मीठ किती, हा प्रश्न त्या व्हिडिओखाली आलेला नाही.

म्हणूनच रांग रोज वाचायची. जिथे शिव्या अडकतात तिथेच खऱ्या तक्रारीही अडकतात, कारण ज्याच्या पोळ्या फुटल्या तो माणूस गोड बोलत नाही. काका रात्री जेवणानंतर एकदा बसतात आणि बाकी दिवसभर फोनवरच्या कमेंटच्या सूचना बंद असतात. ‘पोळी जाड झालीये’, ‘आमच्याकडे असं करत नाहीत’, ‘हे पुरण नव्हे, शिरा आहे’ हे सगळं ते मंजूर करतात. शिऱ्यावाल्याला तर मनातून दाद देतात. पदार्थाबद्दल काहीही बोला. मावशीचं वजन, जात किंवा सून यांबद्दल बोललं की कमेंट जाते, आणि तोच माणूस पुन्हा आला तर ‘हाइड यूजर फ्रॉम चॅनेल’. त्याला तसं कळवलं जात नाही, म्हणून तो नवं खातं काढण्याच्या भानगडीत लगेच पडत नाही. इन्स्टाग्रामवर मावशीच्या छोट्या व्हिडिओंसाठी हेच काम ‘रिस्ट्रिक्ट’ करतं: त्याची कमेंट त्याला दिसते, इतरांना दिसत नाही. तो बंद खोलीत भाषण करणाऱ्या उमेदवारासारखा बोलत राहतो, टाळ्यांची वाट बघत. फेसबुकवर ‘हाइड’ केलेली कमेंट मात्र लिहिणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांनाही दिसते, तेव्हा तिथे त्याला निदान नात्यातले श्रोते मिळतात. शब्दांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी भरावी लागते. एकीकडची दुसरीकडे आपोआप जात नाही, म्हणून ती साध्या वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवावी.

एका प्रकाराला काकांच्या कार्डावरचा नियम लावायचा नाही, तो म्हणजे धमकी. घरचा पत्ता माहीत आहे, बघून घेतो, असं काही आलं तर उत्तरही नाही आणि घाईने पुसणंही नाही. आधी कमेंट, खात्याचं नाव, तारीख आणि व्हिडिओची लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा, मग यूट्यूबकडे तक्रार करायची, आणि cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. तोतयाच्या मिक्सरपायी एखाद्या प्रेक्षकाचे पैसे गेले असतील तर त्याला लगेच 1930 वर फोन करायला सांगायचं. तिथे जितका उशीर होईल तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकत जातो.

आता एक विनंती, हे वाचणाऱ्या आणि पोळ्या करणाऱ्या सगळ्यांना. व्हिडिओखाली नुसतं ‘पोळी फुटली’ लिहून जाऊ नका. डाळ किती शिट्ट्यांची होती, पुरण वाटलं तेव्हा गरम होतं की गार, कणीक किती वेळ मुरली, एवढं लिहा. रागात लिहिलंत तरी चालेल, शुद्धलेखन चुकलं तरी काका आता काही बोलत नाहीत. आणि लिहिलेलं लगेच दिसलं नाही तर पुन्हा पुन्हा टाकू नका. ते रांगेत असतं, आणि रांग रात्री वाचली जाते.